न घडलेल्या गोष्टींचा हिशेब: स्टाफ नर्सने वार्षिक स्वयंमूल्यमापन कसे लिहावे

दरवर्षी मार्च महिन्यात स्वयंमूल्यमापनाचे फॉर्म माझ्या टेबलावर येतात. नागपुरातील एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज म्हणून मी ते अनेक वर्षे वाचत आले आहे. बहुतेक फॉर्मांत ‘या वर्षातील आपली कामगिरी’ या रकान्यात जवळपास सारखीच वाक्ये असतात : रुग्णांची मनापासून सेवा केली, औषधे वेळेवर दिली, वरिष्ठांच्या सूचनांचे पालन केले, सहकाऱ्यांशी सहकार्याने वागले. त्यातले एकही वाक्य खोटे नसते, तरीही ती वाचून एका सिस्टरचे काम दुसरीच्या कामापासून वेगळे ओळखता येत नाही. मग मॅट्रन आणि मनुष्यबळ विभाग सगळ्यांना सारखेच गुण देतात, आणि जिने वर्षभर जीव ओतून काम केले तिला ते लागते.

यामागचे कारण आपल्या कामातच आहे. आपले यश बहुतेक वेळा एखादी गोष्ट न घडण्यात असते. रुग्णाच्या पाठीवर जखम झाली नाही, तो पलंगावरून पडला नाही, त्याच्या हाताची शीर सुजली नाही, चुकीचे औषध गेले नाही. न घडलेली गोष्ट कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ती दाखवायची असेल तर आधी काय घडत होते, मी नेमके काय बदलले आणि त्यानंतर किती घडले, हे रजिस्टरमधील नोंदींनिशी मांडावे लागते. हे कसे करावे, ते मी या लेखात मुख्यतः एकाच उदाहरणाने सांगणार आहे. उदाहरण पुरुष मेडिसिन वॉर्डातील कॅन्युलाचे आहे, ज्याला आपण बोलताना इंट्राकॅथ म्हणतो. उदाहरणातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत, कोणत्याही एका रुग्णालयाचे नाहीत.

आधी फॉर्म वाचावा, मग कागद गोळा करावेत

फॉर्म हातात पडताच लिहायला बसू नये. प्रथम मूल्यमापनाचा कालावधी पाहावा. शासकीय सेवेत, म्हणजे आपल्या शहरात मेडिकल किंवा मेयोमध्ये, स्वयंमूल्यमापन हा कार्यमूल्यमापन अहवालाचा भाग असतो. त्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते आणि आपण लिहिलेल्या मजकुरावर आधी प्रतिवेदन अधिकारी, नंतर पुनर्विलोकन अधिकारी आपला अभिप्राय देतात. खासगी रुग्णालयांत काही ठिकाणी जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरतात. कालावधीबाहेरची घटना, ती कितीही चांगली असली तरी, या फॉर्मात येत नाही.

त्यानंतर आपल्याला वर्षाच्या सुरुवातीला काही उद्दिष्टे लेखी दिली होती का, ते शोधावे. दिली असतील तर कामगिरी त्याच क्रमाने लिहावी, कारण वाचणाऱ्यापुढे तीच यादी असते. मग कागद गोळा करावेत : कॅन्युला तपासणीचा तक्ता, इन्सिडेंट फॉर्मांचे रजिस्टर, क्वालिटी विभाग दर महिन्याला वॉर्डाला पाठवतो ते निर्देशकांचे पत्रक, ड्युटी लिस्ट, प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकाची प्रत. एनएबीएच मान्यता असलेल्या किंवा तिची तयारी करणाऱ्या रुग्णालयांत हे सगळे बहुधा ठेवलेलेच असते. आपण फक्त ते स्वतःच्या कामासाठी कधी उघडून पाहिलेले नसते. ड्युटी लिस्ट विसरू नये. एखाद्या सुधारणेच्या महिन्यात आपण प्रसूती रजेवर किंवा दुसऱ्या वॉर्डात असलो, तर ती सुधारणा आपल्या नावावर लिहिता येत नाही, आणि वाचणाऱ्याला हे ड्युटी लिस्टवरून लगेच कळते.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगते. पुरावा म्हणून केसपेपरचे किंवा रुग्णाच्या हाताचे मोबाइलवर फोटो काढू नयेत, आणि फॉर्मात रुग्णाचे नाव, खाट क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक लिहू नये. महिना, वॉर्ड आणि नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये आहे, एवढे पुरते. पडताळायचे असेल तर इन्चार्ज ते रजिस्टर स्वतः काढून पाहू शकते.

तीनपेक्षा जास्त गोष्टी निवडू नयेत

वर्षभरातील पंधरा गोष्टी एकेका ओळीत लिहिण्यापेक्षा दोन किंवा तीन गोष्टी पूर्ण मांडाव्यात. निवडताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. हे माझ्या नेमून दिलेल्या ड्युटीपेक्षा काही वेगळे होते का, की केवळ ड्युटी वेळेवर केली एवढेच? त्यात माझा हात कुठे होता, हे मी दाखवू शकते का? आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते तपासता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असेल तर ती गोष्ट मूल्यमापनाच्या भेटीत तोंडी सांगावी, फॉर्मात लिहू नये.

आता कॅन्युलाचे उदाहरण पाहू. चोवीस खाटांचा पुरुष मेडिसिन वॉर्ड आहे. एका स्टाफ नर्सला जूनच्या सुमारास जाणवले की सकाळी ओव्हर घेताना रोज एक-दोन रुग्णांचा हात लाल, गरम आणि दुखरा दिसतो. म्हणजे शिरेला फ्लेबायटिस होत होता. तिने इन्चार्जकडून कॅन्युला रजिस्टर मागून घेतले आणि एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या नोंदी मोजल्या. एकूण ४१० कॅन्युला लावल्या होत्या आणि त्यांपैकी ३७ ठिकाणी फ्लेबायटिसची नोंद होती. ३७ ला ४१० ने भागून शंभरने गुणले की उत्तर येते ९.०, म्हणजे शंभर कॅन्युलांमागे नऊ. बऱ्याच जणी केवळ ‘फ्लेबायटिसचे ३७ रुग्ण होते’ एवढेच लिहितात. पण ताप, डेंग्यूच्या हंगामात वॉर्ड भरलेला असताना कॅन्युलाच अधिक लागतात, तेव्हा भागाकाराशिवाय नुसत्या संख्येला अर्थ नसतो.

फ्लेबायटिस कशाला म्हणायचे, हेही तिने आधी ठरवून घेतले. तिने व्हीआयपी स्कोअर वापरला, ज्यात जागा पूर्ण निरोगी असेल तर शून्य आणि सर्वांत वाईट अवस्थेला पाच असे गुण असतात. दोन किंवा त्याहून अधिक गुण आले की फ्लेबायटिस धरायचा, कॅन्युला काढायची आणि गरज असल्यास दुसरीकडे लावायची. व्याख्या ठरलेली नसेल तर एक सिस्टर थोडी लाली दिसली तरी नोंद करते आणि दुसरी पू दिसेपर्यंत करत नाही, आणि मग दोघींच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

मग तिने त्या ३७ नोंदी एकेक करून वाचल्या. माझ्या मते या कामातला खरा मोलाचा भाग हाच होता. १६ कॅन्युला मनगटाच्या किंवा कोपराच्या सांध्यावर होत्या. हात वाकला की कॅन्युला शिरेत हलते आणि शिरेच्या आतल्या भिंतीला घासते. ११ रुग्णांना चोवीस तासांहून अधिक काळ शिरेतून एकही औषध गेले नव्हते, म्हणजे कॅन्युला ‘असू दे, लागेल कदाचित’ म्हणून तशीच राहिली होती. ९ ठिकाणी ड्रेसिंगवर तारीखच नव्हती. काही नोंदी यांपैकी दोन गटांत मोडत होत्या. या वाचनातून तिला तीन गोष्टी करायच्या सुचल्या : शक्यतो सांध्याऐवजी मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागावर कॅन्युला लावणे, नुसती अँटिबायोटिक जायची असतील तर २० ऐवजी २२ नंबरची वापरणे, आणि सकाळच्या राउंडला प्रत्येक रुग्णामागे डॉक्टरांना ‘ही कॅन्युला अजून हवी आहे का?’ असे स्पष्ट विचारणे. इन्चार्जची परवानगी घेऊन जुलैपासून प्रत्येक ओव्हरच्या वेळी दोघींनी मिळून जागा पाहण्याचा आणि गुण लिहिण्याचा नेम सुरू झाला.

आकडा वाढला तर घाबरू नये, घटला तर लगेच हुरळून जाऊ नये

जुलै ते सप्टेंबरमध्ये ४५५ कॅन्युला लावल्या आणि ४८ ठिकाणी फ्लेबायटिस नोंदला गेला. दर १०.५ झाला. म्हणजे काम सुरू केल्यावर तो वाढला. ही सिस्टर हा आकडा फॉर्ममधून गाळायला निघाली होती. मी तिला थांबवले. दर वाढला तो बहुतांशी यामुळे की आता प्रत्येक ओव्हरला पाहणे सुरू झाले होते. आधी जी सूज कोणी लिहीतच नव्हते ती आता लिहिली जाऊ लागली. वॉर्डात कोणतीही तपासणी नीट सुरू केली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा असा वर जातो आणि अनुभवी मॅट्रनला ते ठाऊक असते. हा आकडा गाळला तर एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर यांच्या मध्ये तीन महिन्यांचे भगदाड दिसते, आणि पहिली शंका तेथेच घेतली जाते.

ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ४३६ कॅन्युला आणि १९ फ्लेबायटिस, म्हणजे दर ४.४ वर आला. तिने लगेच लिहिले : ‘वॉर्डातील फ्लेबायटिसचा दर ९ वरून ४.४ वर आणला.’ हे वाक्य ऐकायला फार चांगले वाटते, पण ते टिकत नाही. नागपुरात एप्रिल आणि मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कूलर असलेल्या सामान्य वॉर्डातही रुग्णाचा हात घामाने ओला असतो, चिकटपट्टी सुटते आणि कॅन्युला हलू लागते. या दिवसांत प्रत्येक पाळीत दोन-तीन कॅन्युलांना पुन्हा टेप लावाव्या लागतात, हे आपण सगळ्याच जाणतो. डिसेंबरमध्ये हा त्रास नसतो. उन्हाळ्याची तुलना हिवाळ्याशी केली तर हवामानाचे श्रेय आपल्या नावावर जमा होते.

म्हणून मी तिला मागच्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदी काढायला सांगितल्या. तेव्हा ३९८ कॅन्युला आणि ३० फ्लेबायटिस होते, दर ७.५. एकाच ऋतूची तुलना केली की फरक ७.५ वरून ४.४ असा होतो. तो ९ वरून झालेल्या घसरणीपेक्षा कमी दिसतो, पण त्याला कोणी हात लावू शकत नाही. शिवाय मागच्या वर्षी तपासणी ढिली होती, त्यामुळे तेव्हाचा खरा दर ७.५ पेक्षा अधिकच असण्याची शक्यता आहे, हेही एका वाक्यात लिहिता येते. ते नंतरच्या भेटीत तिच्या बाजूने उपयोगी पडले.

अजून एक गोष्ट होती. नोव्हेंबरच्या मध्यापासून रुग्णालयाने जुन्या कापडी चिकटपट्टीऐवजी पारदर्शक ड्रेसिंग द्यायला सुरुवात केली होती. जागा न उघडता दिसते आणि पकडही चांगली बसते, त्यामुळे दर घटण्यात त्याचाही वाटा असणार. तो किती, हे सांगता येत नाही, कारण या तिमाहीच्या आकड्यात दोन्ही बदलांचा परिणाम मिसळलेला आहे. अशा वेळी दुसरा बदल लपवू नये. खरेदी विभागाने ड्रेसिंग बदलल्याचे मॅट्रनला माहीत असते, आणि आपण ते लिहिले नाही तर बाकीच्या आकड्यांवरचाही तिचा विश्वास उडतो.

‘मी’ आणि ‘आम्ही’ वेगळे करावे

दर वॉर्डाचा आहे, एका व्यक्तीचा नाही. चोवीस खाटांचा वॉर्ड तीन पाळ्यांत चौदा सिस्टर सांभाळतात. आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही जणी सगळे श्रेय स्वतःकडे ओढतात, आणि बऱ्याच जणी, विशेषतः नवीन मुली, संकोचाने सगळीकडे ‘आम्ही’ लिहितात, ज्यातून त्यांनी स्वतः काय केले ते समजतच नाही. फल वॉर्डाचे आणि कृती आपली, अशी विभागणी करावी. दर लिहिताना ‘वॉर्डाचा दर’ म्हणावे आणि आपल्या कृतीची क्रियापदे ‘मी’ला जोडावीत : मोजले, वर्गीकरण केले, परवानगी मागितली, शिकवले, विचारले.

आता तिने प्रथम लिहिलेला मजकूर पाहा :

‘रुग्णांच्या आयव्ही लाइनची विशेष काळजी घेतली. सर्व स्टाफला प्रशिक्षण दिले. फ्लेबायटिसचे प्रमाण निम्म्याहून अधिक कमी केले.’

आणि हा शेवटी फॉर्मात गेलेला मजकूर :

‘एप्रिल ते जून या काळातील ४१० कॅन्युलांच्या नोंदी मी स्वतः तपासल्या. त्यात फ्लेबायटिसचा दर शंभर कॅन्युलांमागे ९ आढळला. ३७ घटनांपैकी १६ सांध्यावरील कॅन्युलांच्या आणि ११ वापरात नसलेल्या कॅन्युलांच्या होत्या. इन्चार्ज सिस्टरांच्या परवानगीने जुलैपासून प्रत्येक ओव्हरला व्हीआयपी स्कोअर लिहिण्याची पद्धत सुरू केली, तिचा तक्ता मी तयार केला, आणि जुलै व ऑगस्टमध्ये वीस मिनिटांची तीन सत्रे घेऊन चौदापैकी बारा सिस्टरांना ती शिकवली. तपासणी नियमित झाल्याने जुलै ते सप्टेंबरमध्ये नोंदलेला दर १०.५ झाला. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये वॉर्डाचा दर ४.४ होता. मागील वर्षी याच तिमाहीत तो ७.५ होता. नोव्हेंबरपासून मिळालेल्या पारदर्शक ड्रेसिंगचाही यात वाटा आहे. नोंदी : वॉर्डाचे कॅन्युला रजिस्टर, प्रशिक्षणाचे हजेरीपत्रक.’

दुसऱ्या मजकुरात कौतुकाचे एकही विशेषण नाही. ‘सर्व स्टाफ’ ऐवजी ‘चौदापैकी बारा’ आहे, कारण हजेरीपत्रकावर बाराच सह्या होत्या. असे लिहिताना आधी जीव थोडा थोडा होतो, पण वाचणाऱ्याच्या मनात नेमका याच शब्दांनी विश्वास बसतो. अर्थात हा मजकूर मोठा आहे. फॉर्ममध्ये चारच ओळी असतील तर पद्धत कोणी सुरू केली, दोन्ही वर्षांच्या त्याच तिमाहीचे दर आणि नोंद कुठे आहे, एवढे ठेवावे आणि बाकीचे जोडपत्रात द्यावे.

जेथे आकडा नसतो तेथे वेळ लिहावी

सगळी कामगिरी दरात बसत नाही. रुग्णाची प्रकृती ढासळत असल्याचे वेळीच ओळखणे हे चांगल्या नर्सचे मोठे लक्षण आहे आणि त्याचा टक्का काढता येत नाही. अशा प्रसंगी घड्याळ कामी येते. ‘माझ्या दक्षतेमुळे रुग्णाचे प्राण वाचले’ असे लिहू नये. प्राण वाचले ते अनेकांच्या कामामुळे आणि आपण नसतो तर काय झाले असते, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे :

‘ऑगस्टमधील एका नाइट ड्युटीत न्यूमोनियाच्या रुग्णाची श्वसनगती रात्री १२ वाजता मिनिटाला २०, तर २ वाजून १० मिनिटांनी २८ आढळली. मी पूर्ण एक मिनिट पुन्हा मोजली. ऑक्सिजन ९१ टक्के होता. २.१५ ला ड्युटी डॉक्टरांना फोन करून आयएसबार पद्धतीने माहिती दिली, २.२५ ला डॉक्टर आले, २.५० ला रुग्ण आयसीयूत हलवला. नोंद : नर्सेस नोट्स आणि आयसीयू स्थलांतराचे रजिस्टर.’

यात ‘पूर्ण एक मिनिट पुन्हा मोजली’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. श्वसनगती पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची किंवा आधीचाच आकडा उतरवून टाकण्याची सवय किती पसरलेली आहे, ते इन्चार्जला चांगले ठाऊक असते. त्या एका वाक्यातून या सिस्टरची कामाची पद्धत दिसते. मात्र या वेळा त्या रात्रीच्या नर्सेस नोट्समध्ये तशाच असल्या पाहिजेत. मार्चमध्ये आठवणीतून लिहिलेली वेळ आणि ऑगस्टमधील नोंद यांत दहा मिनिटांचा फरक आला, तर चांगले काम संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

रुग्णाला समजावून सांगण्याचे कामही असेच दाखवता येते. आपल्याकडे छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडून हिंदी बोलणारे आणि गडचिरोलीकडून गोंडी बोलणारे रुग्ण येतात. ‘रुग्णांशी सुसंवाद साधला’ असे मोघम लिहिण्यापेक्षा, नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्या रुग्णांना डिस्चार्जपूर्वी इन्सुलिन स्वतःच्या हाताने भरून दाखवायला लावले, किती जणांना पहिल्या वेळी ते बरोबर जमले आणि किती जणांना पुन्हा शिकवावे लागले, हे लिहावे. शिक्षणाची नोंद डिस्चार्जच्या कागदात असतेच.

चुकांचा रकाना मोकळा सोडू नये

बहुतेक फॉर्ममध्ये अडचणी किंवा सुधारणेची गरज असा एक रकाना असतो, आणि तेथे बहुतेक जणी ‘काही नाही’ लिहितात. मीही लिहीत असे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका रुग्णालयात, माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दर मिलिलिटरला ४० युनिटच्याही असतात आणि १०० युनिटच्याही, आणि त्यांच्या सिरिंज वेगळ्या असतात : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. त्या रात्री ट्रेमध्ये दोन्ही सिरिंज एकत्र पडल्या होत्या. माझ्या एका हातात १०० ची बाटली होती आणि दुसऱ्या हातात लाल टोपणाची सिरिंज. डोस २० युनिटचा होता. लाल सिरिंजच्या २० च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरते आणि १०० च्या बाटलीतून अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. अडीचपट. सुई रुग्णाच्या पोटाला लावण्याआधी दुसऱ्या सिस्टरला दाखवायची पद्धत होती म्हणून ते लक्षात आले. मी ते कोणाला सांगितले नाही, इन्सिडेंट फॉर्म भरला नाही, आणि त्या वर्षीच्या मूल्यमापनात ‘काही नाही’ लिहिले. ट्रे तसाच राहिला. पुढे कोणाच्या हातून तसेच झाले का, हे मला कधी कळले नाही आणि त्याची रुखरुख अजून आहे.

म्हणून आता मी माझ्या वॉर्डातील मुलींना सांगते की वर्षात अशी घटना झाली असेल आणि तिचा इन्सिडेंट फॉर्म भरला असेल, तर ती मूल्यमापनात लिहावी, पण माफीनामा म्हणून नाही. काय झाले ते एका वाक्यात, लगेच काय केले ते एका वाक्यात, आणि त्यानंतर काय बदलले ते दोन वाक्यांत लिहावे. उदाहरणार्थ : ‘जानेवारीत इन्सुलिन भरताना चुकीची सिरिंज घेतली गेली. डोस देण्याआधी दुहेरी तपासणीत ते लक्षात आले आणि त्याच पाळीत इन्सिडेंट फॉर्म भरला. त्यानंतर दोन्ही प्रकारच्या सिरिंज वेगळ्या डब्यांत ठेवण्याची सूचना मी दिली आणि फेब्रुवारीपासून ती वॉर्डात लागू आहे.’ ज्या घटनेची चौकशी अजून सुरू आहे ती मात्र इन्चार्जला विचारल्याशिवाय लिहू नये. आणि जेथे कळवलेल्या चुकीसाठी मेमो देण्याची रीत आहे, तेथे लिहिण्यापूर्वी इन्चार्जशी किंवा क्वालिटी विभागाशी बोलून घ्यावे. तेथे वरील सल्ला जसाच्या तसा चालत नाही, हे मी मान्य करते.

गुण आणि भेट

स्वतःला पाचपैकी गुण द्यायचे असतील तर ज्या मुद्द्याला रजिस्टरचा आधार आहे तेथे निःसंकोच चार किंवा पाच द्यावेत आणि ज्याला नाही तेथे तीन ठेवावेत. सगळीकडे पाच दिल्याने जेवढे नुकसान होते तेवढेच सगळीकडे तीन दिल्यानेही होते. फॉर्म इंग्रजीत असेल तर मजकूर आधी मराठीत पूर्ण लिहून मगच उतरवावा, कारण इंग्रजीत थेट लिहायला बसले की हात आपोआप ‘मनापासून सेवा केली’ छापाच्या तयार वाक्यांकडे वळतो.

भेटीला जाताना रजिस्टरची पाने कोणत्या महिन्यांची आहेत ते कागदावर लिहून न्यावे. त्या सिस्टरच्या भेटीत मॅट्रनने पहिलाच प्रश्न विचारला तो असा : ‘दर कमी झाला तो ड्रेसिंग बदलल्यामुळे नाही कशावरून?’ तिने उत्तर दिले की पूर्णपणे वेगळे करता येत नाही, पण जुने ड्रेसिंग असतानाच्या ऑक्टोबर महिन्यात १४८ कॅन्युलांमागे ८ घटना होत्या, म्हणजे दर तेव्हाच ५.४ वर आला होता. एका महिन्याचा आकडा लहान असतो आणि दोन-चार घटनांनी तो वरखाली होऊ शकतो, हेही तिने स्वतःहून सांगितले. मॅट्रनने रजिस्टर मागवून ऑक्टोबरचे पान पाहिले आणि तेथेच तक्ता महिलांच्या वॉर्डातही सुरू करण्याचे ठरवले.

पुढील वर्षाच्या उद्दिष्टाच्या रकान्यात तिने आधी ‘फ्लेबायटिसचा दर आणखी कमी करणे’ असे लिहिले होते. ते खोडून तिने लिहिले : ‘एप्रिल ते जून या तिमाहीत, घामामुळे पकड सुटण्याचा त्रास असताना, वॉर्डाचा दर शंभर कॅन्युलांमागे ६ च्या आत ठेवणे आणि तो मागील एप्रिल ते जूनच्या ९ शी ताडून पाहणे.’ फॉर्मची सही केलेली प्रत तिने स्वतःजवळ ठेवली, आणि १ एप्रिलला सकाळची ओव्हर घेताना वहीच्या नव्या पानावर पहिली नोंद केली : वॉर्डात १७ कॅन्युला, दोघांच्या टेप घामाने सुटलेल्या, स्कोअर सगळीकडे शून्य.